रेघेमागचं शून्य, हजारांमागचा रुपया

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जो हिशेब वाटला जातो, त्याच्या एक्सेलच्या फाइलमध्ये डोकावलं तर दोन गोष्टी हमखास सापडतात. जिथे खर्च झालेला नाही, तिथे खजिनदारांनी हाताने एक छोटी रेघ टाइप केलेली असते. आणि आकडे आटोपशीर दिसावेत म्हणून मूळ रकमा हजाराने भागून दुसऱ्या तक्त्यात नव्याने लिहिलेल्या असतात. दोन्हींमागचा हेतू रास्त आहे. सेल रिकामी दिसली की सभासद विचारतात, ‘इथे लिहायचं राहिलं का?’ पानभर शून्यं असली की ज्या आकड्यांकडे बघायला हवं तेच त्या गर्दीत हरवतात. रेघ सांगते की इथे बघितलं होतं, काही नव्हतं. हिशेबाच्या छापील कागदांवर ही पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. चूक आहे ती रेघ टाइप करण्यात.

पाण्याच्या टँकरचा खर्च घेऊ. समजा, वर्षातले पाच महिने टँकर लागलाच नाही आणि उरलेल्या सात महिन्यांत मिळून १,३१,४३० रुपये गेले. खजिनदारांनी त्या पाच महिन्यांपुढे रेघा टाइप केल्या. बेरीज बरोबर येते, कारण `SUM` अक्षरं आणि चिन्हं सोडून देतं. पण `AVERAGE`सुद्धा तसंच करतं. टाइप केलेली रेघ एक्सेलच्या लेखी मजकूर आहे, संख्या नाही; म्हणून सरासरी काढताना भागाकार बाराने होण्याऐवजी साताने होतो. दरमहा सरासरी १०,९५२ रुपये ५० पैसे यायला हवी, ती १८,७७६च्या आसपास येते. ही सरासरी बाराने गुणून पुढच्या वर्षाचा अंदाज मांडला तर टँकरसाठी सव्वादोन लाखांहून अधिक रक्कम धरली जाते. कुठेही चुकीचा इशारा येत नाही, कुठेही लाल खूण दिसत नाही. वर्गणी मात्र वाढते.

वजाबाकी केली तर निदान गडबड लगेच कळते. `=B6-C6` अशा साध्या सूत्रात एका जागी टाइप केलेली रेघ असेल, तर उत्तराच्या जागी `#VALUE!` येतं. मग पुष्कळ जण त्या सूत्राभोवती `IFERROR` गुंडाळून ती तक्रार गप्प करतात. खरी गरज होती ती सेलमध्ये शून्यच ठेवण्याची आणि ते फक्त रेघेसारखं दाखवण्याची.

एक्सेलमध्ये हे शक्य आहे, कारण प्रत्येक सेलबाबत दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात: आत कोणती संख्या आहे, आणि ती पडद्यावर कशी दिसावी. दुसऱ्या गोष्टीला नंबर फॉर्मॅट म्हणतात. ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचं असेल त्यांनी एखाद्या `.xlsx` फाइलची प्रत काढून तिचं नाव बदलून शेवटी `.zip` करावं आणि ती उघडावी. `.xlsx` ही मुळात अनेक छोट्या फाइलींची झिप केलेली थैलीच असते. आत `xl` फोल्डरमध्ये `worksheets` नावाचं फोल्डर असतं आणि त्यातल्या `sheet1.xml`मध्ये सेलची नोंद साधारण अशी सापडते:

```
<c r="C2" s="1"><v>384470</v></c>
```

शेजारी `styles.xml` नावाची वेगळी फाइल असते, तिच्यात ही ओळ असते:

```
<numFmt numFmtId="164" formatCode="#,##0,;[Red]\-#,##0,;&quot;-&quot;"/>
```

पहिल्या ओळीत नुसती संख्या आहे: ना स्वल्पविराम, ना रंग. `s="1"` एवढंच सांगतं की ही सेल कोणत्या रूपात दाखवायची ते शैलींच्या यादीत बघा. यादीतून वाट १६४ क्रमांकाच्या फॉर्मॅटकडे जाते. त्याआधीचे क्रमांक एक्सेलने स्वतःच्या तयार फॉर्मॅटसाठी राखलेले आहेत. वापरणाऱ्याने बनवलेले फॉर्मॅट १६४पासून सुरू होतात. हा फॉर्मॅट शंभर वेळा बदलला तरी पहिल्या ओळीतल्या 384470ला धक्का लागत नाही, आणि सगळी सूत्रं त्या 384470वरच चालतात. वरच्या फॉर्म्युला बारमध्येही तीच दिसते. सेलमध्ये काय दिसतं आणि बारमध्ये काय दिसतं, हे ताडून पाहणं ही या विषयातली सगळ्यात उपयोगी तपासणी आहे.

स्वतःचा फॉर्मॅट लिहायचा तो असा. हव्या त्या सेल निवडायच्या, `Ctrl+1` दाबायचं, उघडलेल्या `Format Cells` खिडकीत `Number` टॅबवर डावीकडच्या यादीतलं शेवटचं `Custom` निवडायचं आणि `Type` लिहिलेल्या चौकटीत फॉर्मॅट टाइप करायचा. गूगल शीट्समध्ये `Format` मेनूत `Number` आणि त्यात `Custom number format` असा रस्ता आहे. लिहायची भाषा बहुतांशी तीच.

या भाषेचा कणा म्हणजे अर्धविराम. एका फॉर्मॅटमध्ये जास्तीत जास्त चार भाग असतात आणि ते अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. पहिला भाग धन संख्यांसाठी, दुसरा ऋण संख्यांसाठी, तिसरा शून्यासाठी आणि चौथा मजकुरासाठी. क्रम ठरलेला आहे. एकच भाग लिहिला तर तो सगळ्याच संख्यांना लागतो. दोन लिहिले तर शून्य पहिल्या भागात मोडतं. सोसायटीच्या हिशेबाला पुरेसा फॉर्मॅट असा होतो:

```
#,##0;[Red]-#,##0;"-"
```

`#` म्हणजे अंक असेल तर दाखव, नसेल तर जागा सोडून दे. `0` म्हणजे अंक नसला तरी निदान शून्य दाखव. मधला स्वल्पविराम गट पाडायला सांगतो. तिसऱ्या भागात अंकाची एकही खूण नाही, फक्त अवतरणांत एक रेघ आहे. म्हणून सेलमधली संख्या नेमकी शून्य असली की तिथे रेघ उमटते. आता टँकरच्या पाच महिन्यांत खरोखरचं शून्य टाइप करायचं. दिसायला रेघच दिसते, पण सरासरीचा भागाकार बाराने होतो.

खरं तर ही रेघ अनेकांनी नकळत वापरलेली असते. `Home` टॅबवरचं स्वल्पविरामाचं बटण, ज्याला `Comma Style` म्हणतात, ते दाबलं की शून्याची रेघ होते, कारण त्या बटणामागे हिशेबी पद्धतीचा तयार फॉर्मॅट असतो. त्यात आणखी एक बारकावा असतो. ऋण रकमा कंसात दाखवायच्या असतील, तर उजवा कंस एका अक्षराएवढी जागा खातो आणि धन आकडे त्या प्रमाणात उजवीकडे सरकलेले दिसतात. एकक एककाखाली येत नाही. त्यावर उपाय म्हणजे `_)` ही जोडी. खालची रेघ सांगते की पुढच्या चिन्हाच्या रुंदीएवढी जागा मोकळी सोड. म्हणून कंसाची पद्धत आवडणाऱ्यांनी असं लिहावं:

```
#,##0_);[Red](#,##0);"-"_)
```

छापील कागदावर अंकांची ओळ सरळ उतरली की चूक पटकन डोळ्यांत भरते, म्हणून एवढा खटाटोप करावा.

रंगाबाबत मात्र थोडं थांबायला हवं. `[Red]` हा शब्द त्या त्या भागाच्या सुरुवातीला चौकोनी कंसात लिहितात. लाल, हिरवा, निळा, काळा असे आठ रंग नावाने लिहिता येतात आणि `[Color1]`पासून `[Color56]`पर्यंत क्रमांकानेही रंग मिळतात. `[Green]` पांढऱ्या कागदावर इतका भडक उमटतो की वाचवत नाही. `[Color10]` हा गडद हिरवा त्यापेक्षा कितीतरी बरा.

पहिली अडचण आहे छपाईची. एक्सेलच्या तयार यादीत असाही प्रकार आहे की ऋण आकडा फक्त लाल दाखवायचा, उणे चिन्ह लावायचंच नाही. पडद्यावर तो नीटस दिसतो. सभेसाठी त्याच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढल्या की तूट आणि शिल्लक यांत काडीचा फरक उरत नाही. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या वाचकाची स्थिती रंगीत कागदासमोरही तीच होते. त्यामुळे `[Red]` लिहिलं तरी त्यानंतर उणे चिन्ह किंवा कंस ठेवलाच पाहिजे.

दुसरी अडचण अर्थाची आहे. फॉर्मॅट फक्त चिन्ह बघतो. ती गोष्ट वाईट आहे की चांगली हे त्याला कळत नाही. फरकाचा रकाना ‘अंदाज उणे खर्च’ असा मांडला असेल, तर जादा खर्च ऋण येतो आणि लाल होतो, हे ठीक. पण काही जण तोच रकाना ‘खर्च उणे अंदाज’ असा मांडतात. मग जादा खर्च धन येतो आणि जिथे पैसे वाचले ती ओळ लाल होऊन उठते. तेव्हा लाल रंग पहिल्या भागात न्यायचा:

```
[Red]+#,##0;-#,##0;"-"
```

पंचवीस हजारांवर खर्च गेला तरच लाल व्हावं, अशी मर्यादा घालायची असेल तर फॉर्मॅटच्या मागे न लागता `Conditional Formatting` वापरावं. फॉर्मॅटमध्येही अटी लिहिता येतात, पण त्या दोनच, आणि अटी आल्या की धन-ऋण-शून्य ही नेहमीची वाटणी जाते.

आता हजारांकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथेच लागते. एका काल्पनिक सोसायटीचा वर्षाचा हिशेब असा धरू, रकमा पूर्ण रुपयांत:

| बाब | अंदाज | खर्च | फरक |
|---|---|---|---|
| वीजबिल | ३,६०,००० | ३,८४,४७० | -२४,४७० |
| लिफ्टची देखभाल | १,२०,००० | १,२०,००० | ० |
| सुरक्षारक्षक | ५,४०,००० | ५,३१,४०० | ८,६०० |
| पाण्याचे टँकर | ९०,००० | १,३१,४३० | -४१,४३० |
| बागकाम | ३६,००० | ३५,६०० | ४०० |
| एकूण | ११,४६,००० | १२,०२,९०० | -५६,९०० |

हे आकडे हजारांत दाखवण्यासाठी फॉर्मॅटमध्ये एकाच गोष्टीची भर पडते: अंकांच्या खुणा संपल्यावर लगेच एक स्वल्पविराम.

```
#,##0,;[Red]-#,##0,;"-"
```

अंकांच्या खुणांच्या मधला स्वल्पविराम गट पाडतो. शेवटी आलेला स्वल्पविराम दाखवताना हजाराने भागतो. असे दोन स्वल्पविराम लावले की दहा लाखाने भाग जातो. ऋण भागातही तो लावावा लागतो, आणि नेमका तिथेच तो विसरला जातो. तसं झालं की धन आकडे हजारांत आणि ऋण आकडे रुपयांत असा तक्ता तयार होतो. तूट शिलकीच्या हजारपट दिसते.

फॉर्मॅट लावल्यावर खर्चाच्या रकान्यात ३८४, १२०, ५३१, १३१, ३६ असे आकडे दिसतात आणि एकूण १,२०३. आता पहिल्या रांगेत बसलेले, कॅल्क्युलेटर घेऊन आलेले काका ते पाच आकडे मिळवतात. उत्तर येतं १,२०२. फरकाच्या रकान्यातही तेच: -२४, ९, -४१ यांची बेरीज -५६ होते, खाली मात्र -५७ दिसतं.

चूक कोणाचीच नाही. एक्सेलने बेरीज केली ती पूर्ण रुपयांची, म्हणजे १२,०२,९००, आणि मग ती जवळच्या हजारात दाखवली. काकांनी आधीच पूर्णांकित झालेले आकडे मिळवले. प्रत्येक ओळीत थोडे थोडे रुपये दृष्टिआड झाले होते, ते एकूण रकमेत पुन्हा वर आले. अशा तक्त्याखाली ‘आकडे जवळच्या हजारात दाखवल्यामुळे बेरजेत १चा फरक दिसू शकतो’ अशी एक ओळ छापावी. कंपन्यांच्या ताळेबंदातही अशी टीप आढळते.

एक्सेलच्या `File`, `Options`, `Advanced` या वाटेवर `Set precision as displayed` नावाचा एक पर्याय आहे. तो निवडला की दिसणारी बेरीज आणि खरी बेरीज जुळवण्यासाठी एक्सेल आतल्या संख्याच दिसतात तशा करून टाकतं. हा बदल पूर्ण वर्कबुकला लागतो आणि कायमचा असतो; नंतर पर्याय काढून घेतला तरी गेलेले रुपये-पैसे परत येत नाहीत. हिशेबाच्या फाइलमध्ये या पर्यायाला हात लावू नये.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. लिफ्टच्या ओळीत फरक शून्य आहे, तिथे रेघ येते. बागकामात ४०० रुपये वाचले आहेत, ते हजारांत मावत नाहीत, म्हणून तिथे `0` दिसतं. रेघ आणि शून्य शेजारी शेजारी पाहून कोणी म्हणेल की फॉर्मॅट बिघडला. तो अगदी बरोबर चालला आहे. कोणता भाग वापरायचा हे एक्सेल आतल्या संख्येवरून ठरवतं, दिसणाऱ्या आकड्यावरून नाही. रेघ म्हणजे काहीच नाही. `0` म्हणजे काहीतरी आहे, पण पाचशेच्या आत. वाचकाला हा भेद सांगितला तर हजारांतला तक्ताही बराच बोलका होतो.

अशा तक्त्यात नवा आकडा भरणाऱ्याची फसगत होते ती वेगळीच. समोर ३८४, १२०, ५३१ दिसतात म्हणून नवे चिटणीस दुरुस्तीचे ४५ हजार लिहायला `45` टाइप करतात. सेलमध्ये गेले ४५ रुपये, दिसतं `0`. नशीब चांगलं असेल तर ते तिथेच दचकतात. उलट, एखादी मोठी संख्या अशी हजारांत समजून टाइप केली, म्हणजे १२ लाखांसाठी `1200` लिहिलं, तर `1` दिसतं आणि तो एक लाख असावा की एक हजार, यावर तर्क सुरू होतात. म्हणून ज्या शीटमध्ये रकमा भरल्या जातात तिथे पूर्ण रुपये दिसू द्यावेत. हजारांचा फॉर्मॅट लावावा तो वाचायच्या शीटवर, जिथे सगळे आकडे सूत्रांनी येतात. आणि रकान्याच्या डोक्यावर ‘रु. हजारांत’ लिहिल्याशिवाय ती शीट कोणाला पाठवू नये.

मराठी वाचक इथे विचारणार की हजार कोणाला हवेत, आमचं डोकं लाखांत चालतं. एक्सेलचा भागणारा स्वल्पविराम हजाराच्याच टप्प्यांनी जातो, त्यामुळे लाखासाठी सरळ सोय नाही. पण एक सुरेख युक्ती आहे:

```
0\.00,;[Red]-0\.00,;"-"
```

स्वल्पविराम हजाराने भागतो. १२,०२,९०० रुपयांचे १,२०३ हजार होतात. त्यानंतर `\.` हे शेवटच्या दोन अंकांआधी एक टिंब ठेवतं. उलट्या तिरप्या रेघेमुळे हे टिंब दशांश चिन्ह राहत नाही, नुसतं छापायचं चिन्ह होतं. पडद्यावर दिसतं `12.03`, म्हणजे १२.०३ लाख. -५६,९०० चे होतात `-0.57` लाख, लाल रंगात. आतला आकडा अर्थातच जिथल्या तिथे. याच धर्तीवर `0\.0,,` लिहिलं की कोटी मिळतात, एका दशांश स्थानापर्यंत. दोनच दशांश स्थानं हवीत असा हट्ट असेल तर मात्र ही युक्ती अपुरी पडते. तेव्हा शेजारच्या रकान्यात कोटीने भागणारं सूत्र लिहावं.

लाख-कोटींच्या गटांबाबत, म्हणजे १२,०२,९०० असे स्वल्पविराम पडण्याबाबत, गोंधळ होतो तो वेगळ्या कारणाने. `#,##0` मध्ये स्वल्पविराम तीन अंकांवर लिहिलेला दिसला, तरी विंडोजवर गट कसे पाडायचे हे एक्सेल संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमधून घेतं. तिथे भारत निवडलेला असेल तर तीच फाइल 12,02,900 दाखवते. पुतण्याच्या अमेरिकेतल्या लॅपटॉपवर तीच 1,202,900 दाखवते. फाइलमध्ये काहीही बदललेलं नसतं. सेटिंगला हात न लावता लाखांचे गट पाडणारा एक फॉर्मॅट बराच फिरतो:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

तो धन रकमांना उत्तम चालतो. पण त्यात तिन्ही भाग मोठ्या, मध्यम आणि उरलेल्या रकमांवर खर्च झाले आहेत. ऋण रकमा तिसऱ्या भागात पडतात. सेटिंग भारतीय नसलं, तर पन्नास लाखांची तूट -5,000,000 अशी तीन-तीन अंकांत दिसते, आणि शून्याची रेघ लावायला भागच शिल्लक नाही. तूट-शिलकीच्या हिशेबात संगणकाचं सेटिंगच भारतीय करून साधा `#,##0` वापरणं अधिक भरवशाचं.

कधी कधी रेघ यायला हवी तिथे येत नाही. दोन रकमा पैशांपर्यंत जुळतात, फरक शून्य असायला हवा, पण हिशेबी फॉर्मॅट रेघेऐवजी `(0.00)` दाखवतो, तोही लाल. एक्सेल संख्या द्विमान पद्धतीत साठवतं, आणि ०.१ किंवा ०.४ यांसारखे दशांश त्या पद्धतीत नेमके बसत नाहीत. अगदी शेवटच्या टोकाला कचरा उरतो. कोणत्याही सेलमध्ये हे लिहून पाहावं:

```
=1*(0.5-0.4-0.1)
```

उत्तर शून्य येत नाही. शून्याहून किंचित कमी, दशांश चिन्हानंतर सोळा शून्यं पडल्यावर सुरू होणारी एक ऋण संख्या येते. ती शून्य नाही, म्हणून तिसरा भाग तिला लागत नाही. ऋण आहे, म्हणून दुसरा भाग लागतो. यावर फॉर्मॅट बदलून काही साधत नाही. सूत्रालाच `ROUND` लावून `=ROUND(B2-C2,2)` असं लिहिलं की पैशांपलीकडचा कचरा जातो आणि रेघ परत येते. ज्यांनी रेघा टाइप केलेल्या असतात त्यांना हा कचरा कधी दिसतच नाही. फॉर्मॅटची रेघ तो उघडा पाडते, ही तिची मोठी कामगिरी.

‘फॉर्मॅट आतल्या संख्येला हात लावत नाही’ हे विधान एक्सेलच्या फाइलच्या आत शंभर टक्के खरं आहे. फाइलच्या दाराबाहेर पडताना मात्र सावध राहावं लागतं. हिशेबतपासनीसांनी डेटा सीएसव्हीमध्ये मागितला, म्हणून खजिनदारांनी हजारांतली शीट `Save As` करून `CSV` निवडलं. सीएसव्हीत फॉर्मॅट ठेवायला जागाच नसते. एक्सेल तिथे सेल जशी दिसते तशी लिहितं. त्यामुळे १२,०२,९०० च्या जागी अवतरणांत `"1,203"` जातं. लिफ्टच्या फरकाच्या जागी नुसती `-` जाते, आणि ही आता टाइप केलेल्या रेघेसारखीच मजकूर झालेली असते. पलीकडच्या सॉफ्टवेअरने ती फाइल वाचली की सोसायटीचा वर्षाचा खर्च बाराशे तीन रुपये होतो. मूळ एक्सेल फाइल शाबूत असेल तर ठीक. ती बंद करून सीएसव्हीच ठेवली असेल तर रुपये गेले. सीएसव्ही काढण्याआधी शीटची प्रत करावी, सगळ्या रकमांना `General` फॉर्मॅट लावावा आणि तयार झालेली फाइल एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडून दोन-चार आकडे नजरेखालून घालावेत.

सेल कॉपी करून वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केल्या तरी दिसणारं रूपच जातं. तिथे बहुधा तेच हवं असतं. `TEXT` फंक्शनचाही परिणाम असाच: `=TEXT(C2,"#,##0,")` हे `384` देतं, पण ते अक्षरांतलं `384` असतं, `SUM` त्याला मोजत नाही. ‘यंदा वीजबिल ३८४ हजार झालं’ असं वाक्य सेलमध्ये आपोआप तयार करायला ते छान आहे. बेरजेच्या रकान्यात ते येऊ देऊ नये.

वर्डचा मेल मर्ज याच्या अगदी उलट वागतो. थकबाकीची पत्रं काढताना सभासदांची यादी एक्सेलमधून घेतली, तर वर्ड सहसा आतली संख्या उचलतं आणि फॉर्मॅट तिथेच सोडतं. एक्सेलमध्ये रेघ दिसणाऱ्या सभासदाच्या पत्रात `0` येतं, आणि 3,84,470 सारखी नीट गटांत दिसणारी रक्कम 384470 अशी सलग उमटते. इथे दुरुस्ती वर्डमध्ये करावी लागते: पत्रातल्या रकमेवर `Shift+F9` दाबलं की महिरपी कंसांतला फील्ड कोड उघडतो, त्यात शेवटी `\# "#,##0;-#,##0;'-'"` अशी स्वतःची फॉर्मॅटची ओळ जोडायची आणि `F9` दाबून ती ताजी करायची. भाग पाडायला तिथेही अर्धविरामच लागतो आणि क्रमही धन, ऋण, शून्य हाच.